संदर्भसूची, ग्रंथसूची आणि सटीप ग्रंथसूची

लेख, प्रबंध किंवा पुस्तकाच्या शेवटी येणाऱ्या याद्यांचे तीन प्रकार. तिन्हींमध्ये लेखक, शीर्षक, प्रकाशक, वर्ष असाच तपशील असतो. त्यामुळे दिसायला त्या सारख्या वाटतात आणि एकीच्या जागी दुसरी सर्रास छापली जाते. प्रत्येक यादी वाचकाला देत असलेली हमी मात्र वेगळी आहे. लेखातली विधाने कुठून घेतली, हे संदर्भसूची दाखवते. लेखकाने विषयाचे काय काय वाचले किंवा विषयावर काय उपलब्ध आहे, हे ग्रंथसूची दाखवते. सटीप ग्रंथसूचीत प्रत्येक नोंदीखाली छोटा परिच्छेद असतो. त्या साधनाचे स्वरूप काय, ते कितपत भरवशाचे आणि हातातल्या कामाला कसे उपयोगी, हे त्यात सांगितलेले असते.

एक उदाहरण घेऊ. विषय आहे ‘जोतीराव फुले यांची गुलामगिरी आणि सत्यशोधक समाज’. हे पुस्तक आणि हा समाज दोन्ही १८७३ सालचे. निबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्याने चार पुस्तके वाचली: महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाचे ‘महात्मा फुले समग्र वाङ्मय’, धनंजय कीर यांचे १९६४ सालचे इंग्रजी चरित्र, गेल ऑम्व्हेट यांचे ‘कल्चरल रिव्होल्ट इन अ कलोनिअल सोसायटी’ (१९७६) आणि रोझलिंड ओ’हॅनलन यांचे ‘कास्ट, कॉन्फ्लिक्ट अँड आयडिऑलॉजी’ (१९८५). निबंधात मात्र त्याने उतारे फक्त समग्र वाङ्मयातून दिले आणि एक युक्तिवाद ओ’हॅनलन यांच्याकडून घेतला.

त्याच्या संदर्भसूचीत दोनच नोंदी येतील. कीर आणि ऑम्व्हेट त्याने कितीही मन लावून वाचलेले असोत, मजकुरात त्यांचा हवाला नसेल तर त्यांना तिथे जागा नाही. या सूचीची परीक्षा दोन्ही दिशांनी करायची असते. मजकुरातला प्रत्येक हवाला सूचीत सापडला पाहिजे आणि सूचीतल्या प्रत्येक नोंदीला मजकुरात निदान एक हवाला असला पाहिजे. छापण्याआधी मजकूर शेजारी ठेवून एकेका नोंदीवर खूण करत गेले की खूण न झालेल्या नोंदी आपोआप उघड्या पडतात. असे अनाथ हवाले आणि अनाथ नोंदी बहुधा शेवटच्या फेरफारात जन्म घेतात: परिच्छेद काढला जातो, नोंद तशीच राहते.

याहून नाजूक भाग आवृत्तीचा. समग्र वाङ्मय धनंजय कीर आणि स. गं. मालशे यांच्या संपादनाखाली १९६९ साली निघाले, तर य. दि. फडके यांनी संपादित केलेली आवृत्ती १९९१ची. दोन्हींचे पृष्ठांक एक धरून चालत नाही. म्हणून विद्यार्थ्याने जी प्रत हातात धरून उतारा घेतला तीच नोंदवली पाहिजे. मजकुरात ‘फुले १८७३’ एवढेच लिहिले तर त्याने पहिली आवृत्ती पाहिली असा अर्थ निघतो, आणि ते खरे नाही. लेखक-वर्ष पद्धतीत यासाठी ‘फुले १८७३/१९९१’ अशी जोड-तारीख देतात: पहिले वर्ष मूळ प्रकाशनाचे, दुसरे वापरलेल्या प्रतीचे. तीच काटेकोर वृत्ती परक्या अवतरणांबाबत लागते. ‘दीनबंधू’ या वृत्तपत्रातला एखादा मजकूर विद्यार्थ्याने फक्त ओ’हॅनलन यांच्या पुस्तकात उद्धृत झालेला पाहिला असेल, तर मजकुरात तसे सांगून सूचीत ओ’हॅनलन यांचीच नोंद करायची. मूळ अंक न पाहता त्याची नोंद घालणे म्हणजे न केलेल्या कामाचे श्रेय घेणे होय. खाजगी पत्र किंवा फोनवर झालेले बोलणे याबाबत अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची, म्हणजे एपीए पद्धत आणखी कडक आहे. त्याचा उल्लेख फक्त मजकुरात होतो, सूचीत नाही, कारण वाचकाला ते साधन शोधून पाहता येणार नाही.

ग्रंथसूची केली तर चारही पुस्तके येतील. इथे मजकुरातल्या हवाल्याशी बांधिलकी नसते, त्यामुळे अनाथ नोंद हा दोष उरत नाही. ग्रंथसूचीचा खरा दोष पोकळ फुगवट्याचा आहे. उघडूनही न पाहिलेली पुस्तके केवळ वजन वाढवण्यासाठी घातली जातात, आणि ती पकडण्याचा यांत्रिक मार्ग नाही. जाणत्या परीक्षकाला मात्र नोंदींची संगत पाहून शंका येते. ग्रंथसूचीला विभागणीची मोकळीक आहे. मूळ साधने वेगळी आणि अभ्यासग्रंथ वेगळे, किंवा मराठी आणि इंग्रजी वेगळे, असे गट पाडले तर वाचकाची सोय होते. संदर्भसूचीत असे गट अडचणीचे ठरतात, कारण हवाल्यावरून नोंद शोधणाऱ्याला एकच सलग अकारविल्हे यादी हवी असते, किंवा क्रमांक-पद्धतीत हवाल्यांच्या क्रमाने लावलेली.

आणखी एक फरक सहसा सांगितला जात नाही. संदर्भसूची तिच्या लेखावाचून निरर्थक असते, ग्रंथसूची मात्र स्वतंत्र ग्रंथ होऊ शकते. शंकर गणेश दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’ हे त्याचे मराठीतले ठळक उदाहरण. तिचा पहिला भाग १८०० ते १९३७ आणि दुसरा १९३८ ते १९५० या काळातल्या मुद्रित मराठी ग्रंथांच्या नोंदी देतो. त्यामागे कुठला प्रबंध नाही. सूची हेच काम आहे. मराठी विश्वकोशातल्या नोंदींखाली ‘संदर्भ’ म्हणून येणाऱ्या याद्याही कामाने ग्रंथसूचीच आहेत. मजकुरातले कोणते वाक्य कोणत्या पुस्तकावर उभे आहे हे त्यांवरून कळत नाही; पुढे काय वाचावे एवढे कळते. कोशाला तेवढे पुरते, संशोधन-निबंधाला पुरत नाही.

सटीप ग्रंथसूची बहुधा संशोधनाच्या सुरुवातीला करायला सांगतात. टीप साधारण शंभर ते दोनशे शब्दांची असते. ऑम्व्हेट यांच्या पुस्तकाखाली विद्यार्थी असे लिहू शकेल: “पश्चिम भारतातल्या ब्राह्मणेतर चळवळीचा १८७३ ते १९३० हा पट घेणारा समाजशास्त्रीय अभ्यास. माझा निबंध १८९०ला, फुले यांच्या निधनापाशी थांबतो. त्यामुळे सुरुवातीचा भाग थेट कामाचा, पुढचा केवळ पार्श्वभूमीसाठी. एकोणिसाव्या शतकापुरते ओ’हॅनलन यांचे पुस्तक अधिक जवळचे. दोन्ही ताडून वाचणे आवश्यक.” ही टीप लहान आहे, पण पुस्तकाची व्याप्ती, निबंधाशी नाते आणि दुसऱ्या साधनाशी तुलना या तिन्ही गोष्टी तिच्यात आल्या. पुस्तकाचा निव्वळ सारांश म्हणजे टीप नव्हे. मलपृष्ठ वाचून जी लिहिता येईल ती टीप फसलेली समजावी. ‘अत्यंत उपयुक्त आणि अभ्यासपूर्ण ग्रंथ’ हे वाक्य कुठल्याही पुस्तकाखाली चालते, म्हणून ते कुठेच लिहू नये.

कोणत्या कामाला कोणती यादी, हे बरेचसे लेखनपद्धतीवर ठरते. एपीए पद्धत संदर्भसूची मागते. अमेरिकेतल्या मॉडर्न लँग्वेज असोसिएशनची पद्धतही उल्लेखिलेल्या साधनांचीच यादी मागते. शिकागो पद्धतीत दोन वाटा आहेत: तळटिपा वापरल्या तर शेवटी ग्रंथसूची, लेखक-वर्ष हवाले वापरले तर संदर्भसूची. मार्गदर्शकाने नुसते ‘शेवटी संदर्भ जोडा’ म्हटले असेल, तर यांपैकी कोणती यादी हवी ते लिहायला बसण्याआधीच विचारून घ्यावे.