छायाबंदी (इन्स्टाग्राम)

खाते चालू असताना त्याच्या पोस्टचा प्रसार किंवा टिप्पणी करण्याची मुभा मर्यादित होणे. यात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. भराभर एकसारख्या टिप्पण्या टाकल्या, तर टिप्पणीची सोय काही काळ थांबते आणि तसा संदेश पडद्यावर दिसतो. प्रसारावरची मर्यादा मात्र मूक असते: अनुयायांना पोस्ट दिसते, अनोळखी लोकांना सुचवली जात नाही.

ओळखायचे कसे? एखाद्या पाककृतीच्या खात्याचे निम्मे प्रेक्षक अनुयायी नसलेले असत आणि ते अचानक जवळपास शून्यावर आले, अनुयायी प्रेक्षक मात्र तेवढेच राहिले, तर संशय रास्त ठरतो. दोन्ही आकडे एकत्र घसरले, तर कारण बहुधा मजकुरात असते.

डिसेंबर २०२२ पासून व्यावसायिक खात्यांना सेटिंग्जमधील Account Status येथे सुचवण्यास अपात्र ठरलेली पोस्ट दिसते. ती बदलावी, काढावी किंवा फेरतपासणी मागावी. निर्णय चुकीचा वाटल्यास फेरतपासणी पोस्ट काढण्याआधीच मागावी. अनुयायी वाढवून देणाऱ्या बाहेरच्या ॲपची परवानगी काढून पासवर्ड बदलावा. Account Status मध्ये काहीच नोंद नसेल, तर घाईने जुन्या पोस्ट पुसू नयेत.