सहा पेन्सची दरवाढ आणि ६७ रात्रींचा गोंधळ

१/ सप्टेंबर १८०८ मध्ये लंडनचे कॉव्हेंट गार्डन नाट्यगृह आगीत भस्मसात झाले. वर्षभरात नवे, भव्य नाट्यगृह उभे राहिले. १८ सप्टेंबर १८०९ रोजी ‘मॅकबेथ’ने पडदा उघडला, पण प्रेक्षकांनी एक शब्दही ऐकू येऊ दिला नाही. कारण होते तिकिटांचे नवे दर.

२/ वाढ किती होती? बॉक्सचा दर ६ शिलिंगांवरून ७ झाला. रंगमंचासमोरच्या ‘पिट’चा दर साडेतीन शिलिंगांवरून ४ झाला, म्हणजे वाढ फक्त ६ पेन्सची, सुमारे सातवा हिस्सा. गॅलरीचा दर तोच राहिला. बांधकामाचा प्रचंड खर्च पाहता मागणी अवाजवी नव्हती.

३/ व्यवस्थापक व नट जॉन फिलिप केम्बल यांच्या बाजूने दरवाढीचे कारणही जाहीर झाले होते. मग बिनसले कुठे?

४/ उत्तर इमारतीतच होते. बॉक्सचा संपूर्ण तिसरा मजला श्रीमंतांना वार्षिक भाड्याने देण्यासाठी राखून ठेवला होता. गॅलरी इतकी उंच व उभट झाली की तेथून नटांचे जेमतेम पाय दिसत. नित्याच्या प्रेक्षकाने याचा अर्थ सरळ लावला: पैसे आपले, सोय दुसऱ्यांची.

५/ ‘जुने दर’ ही घोषणा झाली. तिची इंग्रजी आद्याक्षरे ‘ओ. पी.’ टोप्यांवर आणि पदकांवर झळकू लागली. घंटा, खुळखुळे, बाकांवरचा नाच, सारे रोज रात्री.

६/ केम्बल यांनी हिशेब तपासण्यासाठी प्रतिष्ठितांची समिती नेमली. तिने नफा बेताचाच असल्याचे सांगितले. परंतु हिशेब दरवाढीनंतर आला होता, आणि समिती मालकांनी निवडलेली होती. कोणी विश्वास ठेवला नाही. त्यातच प्रेक्षकांना आवरण्यासाठी मुष्टियोद्धे आणले गेले. तेव्हापासून प्रश्न पैशांचा उरला नाही, अपमानाचा झाला.

७/ अखेर १४ डिसेंबरला एका खानावळीत दोन्ही पक्ष एकत्र जेवले आणि तडजोड ठरली. पिटचा दर पुन्हा साडेतीन शिलिंग झाला, खासगी बॉक्स कमी झाले, प्रेक्षकांवरचे खटले मागे घेतले गेले आणि केम्बल यांनी रंगमंचावरून क्षमा मागितली.

८/ या तडजोडीतली एक अट मात्र सहज नजरेआड होते. बॉक्सचा ७ शिलिंगांचा दर तसाच राहिला! टक्क्यांत पाहिले तर तीच वाढ अधिक मोठी होती. पण ती देणाऱ्याची ऐपत होती, आणि पिटमधल्या माणसाचा मान राखला गेल्यावर तिला विरोध उरला नाही.

९/ म्हणजे आकडा वाजवी असणे पुरेसे नव्हते. जुन्या गिऱ्हाइकाची जागा आधी सुरक्षित करून, हिशेब आधी मांडून आणि भार ऐपतीप्रमाणे वाटून केम्बल यांनी तीच वाढ मागितली असती, तर त्या ६७ रात्री बहुधा शांततेत गेल्या असत्या.