उपाशी शरीर आणि प्रथिनांचा हिशेब

वजन झटपट उतरवण्यासाठी १९७६-७७ मध्ये अमेरिकेत द्रवरूप प्रथिनांची लाट आली. जनावरांच्या कातडी-हाडांतल्या कोलॅजेनपासून केलेल्या या द्रवावरच महिनोन्‌महिने राहिलेली काही माणसे हृदयाचे ठोके बिघडून दगावली. कोलॅजेनमध्ये ट्रिप्टोफॅन नसते आणि त्यावाचून शरीराला स्नायू घडवता येत नाहीत. त्याच दशकात बोस्टनचे डॉ. जॉर्ज ब्लॅकबर्न मात्र देखरेखीखाली सकस प्रथिने देऊन रुग्णांचे स्नायू राखू पाहत होते.

सेमाग्लुटाइडमुळे तोच प्रश्न परतला आहे. २०२१च्या ‘स्टेप-१’ चाचणीतील एका उपगटात घटलेल्या वजनाचा सुमारे ४० टक्के भाग चरबीचा नव्हता; त्यात पाण्याबरोबर स्नायूही आले. समजा, डॉक्टरांनी ६० किलो वजन आधार धरून किलोमागे १.२ ग्रॅम प्रथिने सांगितली. म्हणजे दिवसाला ७२, जेवणागणिक २४ ग्रॅम. वाटीभर वरणात जेमतेम सहा-सात मिळतात. दोन घासांत पोट भरत असेल, तर आधी पनीर, अंडी किंवा मासे खावेत, भात शेवटी. जोडीला वजने उचलण्याचा व्यायाम हवाच. मूत्रपिंडाचा विकार असल्यास हा हिशेब बदलतो. हातांचा टेकू न घेता खुर्चीतून उठणे जड जाऊ लागले, तर काट्यावरच्या घटीने हुरळू नये, डॉक्टरांना गाठावे.