वेबपेज बदललं, आता संदर्भ कसा द्यायचा?

कंधारला असलेल्या माझ्या चुलत भावाचा मागच्या महिन्यात फोन आला. "दादा, सर म्हणतात मी प्रोजेक्टमध्ये संदर्भ चुकीचा दिलाय." २०२२ च्या जूनमध्ये त्याने मराठी विकिपीडियावरचा उस्मानाबाद जिल्ह्याचा लेख वाचून टिपणं काढली होती आणि शेवटी फक्त पानाची लिंक टाकली होती. सरांनी ती लिंक उघडली तर वर नाव धाराशिव, आणि त्याने घेतलेलं वाक्यही तसंच्या तसं सापडेना.

भाऊ खोटं बोलत नव्हता. राज्य सरकारच्या सप्टेंबर २०२३ च्या अधिसूचनेने जिल्ह्याचं नाव बदललं, मग लेखही बदलला. साध्या लिंकची अडचण हीच आहे. ती नेहमी आजचं पान दाखवते, तुम्ही वाचलेलं नाही.

पाहिल्याची तारीख

सुदैवाने भावाच्या वहीत तारीख होती, २० जून २०२२. ही तारीख एकटी काहीच सिद्ध करत नाही, पण कोणती जुनी आवृत्ती शोधायची ते तिच्यामुळेच कळतं.

विकिपीडियावर प्रत्येक लेखाचा इतिहास जपलेला असतो. कॉम्प्युटरवर "इतिहास पहा" असं बटण दिसतं. मोबाईल ब्राउझरमध्ये पानाच्या तळाशी शेवटचा बदल कधी झाला ते सांगणारी ओळ असते, तिच्यावर टॅप करा. यादी उघडली की आपल्या तारखेच्या आधीचा सगळ्यात शेवटचा बदल निवडायचा. समजा १४ जूनला एक बदल झाला आणि त्यानंतरचा ३ जुलैला, तर २० जूनला भावाने वाचलेली आवृत्ती १४ जूनची. बरेच जण तारखेला जवळची म्हणून पुढची आवृत्ती घेतात आणि तिथेच चुकतात.

त्या बदलाच्या तारखेवर टॅप केलं की लिंकमध्ये आवृत्तीचा क्रमांक येतो (इथला आकडा नमुन्याचा आहे):

```
https://mr.wikipedia.org/w/index.php?oldid=1234567
```

लेखाचं नाव नंतर बदललं तरी ही लिंक त्याच आवृत्तीवर नेते, कारण ती नावावर नाही तर क्रमांकावर चालते. पण एक गंमत लक्षात ठेवा. आतला मजकूर जुना दिसतो, वरचं शीर्षक मात्र आजचंच असतं. म्हणजे वर धाराशिव आणि खाली उस्मानाबाद, असं दिसू शकतं. बाजूच्या माहितीचौकटीचा साचा आणि फोटोही आजचे असू शकतात. म्हणून लोकसंख्येसारखा आकडा चौकटीतून घेतला असेल तर फक्त या लिंकवर विसंबू नका.

इतिहास नसलेली साइट

बहुतेक साइटवर अशी यादी नसते. तिथे `web.archive.org` वर जाऊन पानाची लिंक टाकायची. कॅलेंडरवर ज्या दिवशी प्रत साठवली गेली त्या तारखांवर गोल दिसतात. प्रतीच्या लिंकमध्ये १४ आकडे असतात:

```
https://web.archive.org/web/20220620201500/https://example.com/
```

हे वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट, सेकंद. वेळ मात्र भारताची नसते, साडेपाच तास मागे असते. वरची प्रत रात्री सव्वाआठची दिसते, पण आपल्याकडे तेव्हा २१ जूनचे पहाटेचे पावणेदोन वाजले होते.

मागितलेल्या क्षणाची प्रत नसेल तर साइट न विचारता जवळची प्रत उघडते. त्यामुळे पान उघडल्यावर लिंकमधले आकडे पुन्हा तपासा. तुमच्या तारखेची प्रत नसेल तर आधीची आणि नंतरची, दोन्ही बघा. दोन्हींत वाक्य सारखं असेल तर मधल्या दिवशीही तेच होतं असं बहुधा मानता येतं. एकीतच असेल तर तसं स्पष्ट लिहा. आणि एकही प्रत नसेल, तर आज साठवलेली प्रत जुन्या मजकुराचा पुरावा होत नाही.

भावाने शेवटी काय लिहिलं?

वरच्याच नमुन्याच्या तारखा घेतल्या तर नोंद अशी होते:

> "उस्मानाबाद जिल्हा" (सध्याचं शीर्षक "धाराशिव जिल्हा"), मराठी विकिपीडिया, १४ जून २०२२ ची आवृत्ती, [क्रमांकाची लिंक], पाहिले: २० जून २०२२.

आवृत्तीची तारीख आणि पाहिल्याची तारीख वेगळ्या ठेवल्यात, ते बघा. संग्रहातली प्रत वापरली तर "संग्रहित" म्हणून तिसरी तारीख येते आणि मूळ लिंकही सोबत राहते.

पुढच्या वेळी एवढी शोधाशोध नको असेल तर वाचतानाच `web.archive.org/save` वर लिंक टाका आणि मिळालेली प्रत एकदा उघडून बघा. लॉगिनमागची पानं तिथे साठवली जात नाहीत, आणि स्क्रोल केल्यावर लोड होणारा मजकूर कधीकधी सुटतो. तुमचं वाक्य त्या प्रतीत दिसलं, तरच तो संदर्भ.