उजवीकडच्या कंसाची कुळकथा

खांदा कॉलनीतल्या शिकवण्यांत नववीच्या वह्या चाळल्या, की एकरूपतेच्या सिद्धता सारख्याच मांडलेल्या दिसतात. डावीकडे विधान, उजवीकडे कंसात कारण. ही दोन स्तंभांची रीत अमेरिकेची, असं सांगता येतं. तिथे शुल्ट्झ आणि सेव्हनोक यांच्या १९१३च्या पुस्तकात विधानं आणि कारणं उभ्या रेघेच्या दोन बाजूंना आली. पण आपल्या वहीत रेघ नसते, कंस असतो.

तो कंस मला आयझॅक टॉडहंटरच्या १८६२च्या इंग्रजी युक्लिडमध्ये सापडला. तिथे ओळीच्या उजव्या टोकाला नुसता उघडणारा कंस आणि पुढे कारण असतं: कुठे ‘पक्ष’, कुठे ‘रचना’, कुठे आधीच्या प्रमेयाचा क्रमांक. मुंबई विद्यापीठ १८५७मध्ये लंडनच्या धर्तीवर सुरू झालं आणि टॉडहंटरची पुस्तकं हिंदुस्थानात भरपूर चालली. म्हणून माझ्या मते आपली मांडणी अमेरिकेची नाही, टॉडहंटरची आहे. अमेरिकी पक्षाकडे एक भक्कम मुद्दा आहे: दर विधानाला कारण हवंच, ही सक्ती उभ्या रेघेनेच आणली. तो मला मान्य आहे. टॉडहंटर कित्येक ओळी कारणाविना सोडतो.

या सक्तीचा उपयोग एका उदाहरणात दिसतो. △ABC मध्ये AB = AC आहे; ∠B = ∠C सिद्ध करायचं आहे. ∠A चा दुभाजक AD काढला, तर असं लिहितात:

AB = AC … (पक्ष)
∠BAD = ∠CAD … (रचना)
AD = AD … (सामाईक बाजू)
∴ △ABD ≅ △ACD … (बाकोबा कसोटी)
∴ ∠B = ∠C … (एकरूप त्रिकोणांचे संगत कोन)

D हा BC चा मध्यबिंदू घेतला, तर दुसऱ्या ओळीत BD = CD येतं आणि कसोटी बाबाबा होते. AD लंब काढला, तर D पाशी काटकोन मिळतात. इथेच पुष्कळ मुलं सवयीने बाकोबा लिहितात. पण बाकोबासाठी कोन दोन बाजूंच्या मधला लागतो, आणि AB व AD यांच्यामधला कोन A पाशी आहे, D पाशी नाही. इथे कर्णभुजा कसोटीच लागते. तिलाही कोन मधला नसतो. तो काटकोन असल्यामुळेच ती चालते.

तोच कोन लघुकोन झाला की काय होतं, ते कंपासने पडताळता येतं. AB = ८ सेमी आणि ∠A = ३०° घ्या. B पासून समोरच्या किरणापर्यंतचं लंबांतर ४ सेमी भरतं. आता B केंद्र धरून ५ सेमीचा कंस मारा. तो किरणाला दोन ठिकाणी छेदतो, A पासून सुमारे ३.९ आणि ९.९ सेमीवर. दोन बाजू आणि एक कोन तेच असूनही दोन वेगळे त्रिकोण तयार होतात, म्हणून ‘बाबाको’ नावाची कसोटी पुस्तकात नाही.