रंगाच्या कोरड्या थराची जाडी

रंगाच्या कोरड्या थराची जाडी म्हणजे द्रावक उडून गेल्यावर पृष्ठभागावर उरणाऱ्या लेपाची जाडी होय. ती मायक्रॉनमध्ये मोजतात. ओल्या थराच्या जाडीवरून ती आधीच काढता येते:

कोरडी जाडी = ओली जाडी × घनपदार्थांचे आकारमानी शेकडा प्रमाण ÷ १००

उदाहरणार्थ, आकारमानाने ६० टक्के घनपदार्थ असलेल्या इपॉक्सी रंगाचा २०० मायक्रॉनचा ओला थर वाळल्यावर १२० मायक्रॉन उरतो. रंगात आकारमानाने २० टक्के थिनर मिसळल्यास १०० ऐवजी १२० ने भागावे लागते. तोच ओला थर मग १०० मायक्रॉनच उरतो. १२० मायक्रॉनसाठी ओला थर २४० मायक्रॉनचा द्यावा लागतो.

ओली जाडी कंगव्यासारख्या मापकाने रंग लावताच मोजतात. उशीर झाल्यास द्रावक उडून ती कमी भरते. सूत्रात घनपदार्थांचे वजनी प्रमाण वापरल्यास उत्तर सहसा प्रत्यक्षापेक्षा जास्त येते.