आतड्याचे दोन न्याय

स्वित्झर्लंडमधील शाफहाउझेन गावचे वैद्य योहान कोनराड पायर यांनी १६७७ साली लहान आतड्याच्या आतल्या अस्तरावर दिसणाऱ्या काही लंबगोल चकत्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. या चकत्या म्हणजे पाचकरस स्रवणाऱ्या ग्रंथी होत, असा त्यांचा समज होता. चकत्यांना पायर यांचे नाव मिळाले, ते आजतागायत टिकले. समज मात्र टिकला नाही. पुढे विषमज्वराने दगावलेल्यांच्या शवविच्छेदनात याच चकत्या सुजलेल्या व व्रणांनी पोखरलेल्या आढळू लागल्या. जिथे केवळ पचन चालते, तिथे एखाद्या रोगजंतूने नेमकी हीच जागा का धरावी, या प्रश्नाचे उत्तर पायर यांच्या समजात नव्हते.

त्याहून मोठा प्रश्न ताटातल्या अन्नाचा होता. गाईच्या दुधातले किंवा तुरीच्या डाळीतले प्रथिन शरीराला जंतूइतकेच परके असते. तेच प्रथिन सुईने टोचले, तर शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. तोंडावाटे गेले, तर तक्रार करीत नाही. पचनात सारे प्रथिन मोडून जाते, म्हणून तक्रार उरत नाही, असे सोपे स्पष्टीकरण दिले जात असे. परंतु ते अपुरे होते. कारण जेवणानंतर न मोडलेल्या प्रथिनाचा अल्पसा अंश रक्तात पोहोचतोच.

या कोड्याचा पहिला धागा १९११ साली अमेरिकेत हाती आला. गिनीपिगला एखादे परके प्रथिन एकदा टोचून काही आठवड्यांनी पुन्हा टोचले, तर श्वास कोंडून तो काही मिनिटांत मरतो, हे त्या काळी ठाऊक झाले होते. गिडिअन वेल्स व थॉमस ऑस्बर्न हे वनस्पतींच्या प्रथिनांवर असेच प्रयोग करीत होते. मक्याच्या प्रथिनाशी त्यांची गाठ पडली तेव्हा एक विलक्षण गोष्ट दिसली : ज्या जनावरांच्या रोजच्या खाद्यात मका होता, त्यांच्यावर त्या प्रथिनाच्या सुईचा हा परिणाम होईना. एरवी खुराड्यातल्या चाऱ्याची चौकशी कोण करतो! पण इथे सारे रहस्य चाऱ्यातच होते. मका खाल्ल्याने शरीर मक्याबाबत नुसते अनभिज्ञ राहिले नव्हते. त्याने मक्याला अभय दिले होते. १९४६ साली मेरिल चेस यांनी गिनीपिगच्या कातडीवर हमखास पुरळ उठवणारे एक रसायन त्यांना आधी खाऊ घातले, तेव्हा कातडीही शांत राहिली. आतड्यात घेतलेला निर्णय साऱ्या देहाने पाळला.

दुसरा धागा रोगाचा. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील अलेक्झांडर बेस्रेदका यांनी १९१९ साली सशांना मारलेले आमांशाचे जंतू तोंडावाटे दिले. ससे आमांशातून वाचले. पण रक्तातील प्रतिपिंडांचे प्रमाण पाहता या बचावाचा खुलासा होईना. तीन वर्षांनी, १९२२ मध्ये, आर्थर डेव्हिस यांनी आमांशाच्या रोग्यांची विष्ठा तपासली. रक्तात प्रतिपिंडे दिसू लागण्याच्या काही दिवस आधीच ती विष्ठेत हजर होती. प्रतिपिंडे रक्तातून पाझरून आतड्यात येत असती, तर हा क्रम उलटा असायला हवा होता. आतड्याचे स्वतःचे शस्त्रागार आहे, असे या दोघांचे काम सांगत होते. तरीही रोगप्रतिकार म्हणजे रक्ताचा गुण, ही समजूत इतकी बळकट होती की हा पुरावा चाळीस वर्षे बाजूला पडून राहिला.

बेल्जियममधील लूव्हँ येथे जोसेफ हेरेमान्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५९ साली रक्तातून एक प्रतिपिंड वेगळे काढले. त्यालाच पुढे इम्युनोग्लोब्युलिन 'ए' हे नाव मिळाले. रक्तात ते दुय्यम प्रमाणात असते. परंतु लाळ आणि बाळंतिणीचा चीक यांत तेच प्रमुख आहे, असे अमेरिकेत थॉमस टोमासी यांना आढळले. स्रावातील हे प्रतिपिंड जोडीने असते आणि त्याला आणखी एक तुकडा चिकटलेला असतो, हे त्यांनी १९६५ साली दाखवले. हा तुकडा कोठून येतो, हे १९८० नंतर स्पष्ट झाले. अस्तरातील पेशी आपल्या तळाशी आलेले प्रतिपिंड एका ग्राहकाने पकडतात, आपल्या देहातून पार नेतात आणि पलीकडे सोडताना ग्राहकाचा एक भाग तोडून त्याच्यासोबत देतात. वाहकाचे हे उपरणे अंगावर असल्यामुळे पाचकरसांत ते प्रतिपिंड सहजी विरघळत नाही.

त्याची लढण्याची रीतही वेगळी. रक्तातील प्रतिपिंडे शत्रूला पकडली की दाह उसळवतात. एका पेशीच्या जाडीच्या अस्तरात रोज असा वणवा पेटला, तर घरच जळेल. स्रावातील प्रतिपिंड जंतूला फक्त वेढते, भिंतीला चिकटू देत नाही आणि बुळबुळीत स्रावाबरोबर पुढे लोटून देते.

मग ही प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशी शिकतात कोठे? सुझन क्रेग व जॉन सेब्रा यांनी १९७१ साली सशांवर केलेल्या प्रयोगात याचे उत्तर मिळाले. क्ष-किरणांच्या माऱ्याने ज्यांच्या पेशी नष्ट केल्या होत्या अशा सशांना त्यांनी दुसऱ्या सशांच्या पायर-चकत्यांतील पेशी टोचल्या. काही दिवसांनी त्यांची आतडी 'ए' प्रतिपिंड बनवणाऱ्या, पाहुण्या वंशाच्या पेशींनी भरून गेली. इतर लसिका-ग्रंथींतील पेशींना ते तितकेसे साधले नाही. पायर यांच्या 'ग्रंथी' वस्तुतः पाठशाळा निघाल्या : तिथल्या खास पेशी जंतूंचे नमुने आत घेतात, शिकलेल्या पेशी लसिकेतून रक्तात जातात आणि फिरून आतड्यालाच परततात.

अन्नाची वाट बहुतांशी निराळी असते. त्याचे अंश आतड्याच्या केसाळ उंचवट्यांतून आत जातात. तिथल्या पहारेकरी पेशी ते जवळच्या लसिका-ग्रंथींत नेतात आणि 'अ' जीवनसत्त्वापासून बनलेल्या आम्लाच्या साहाय्याने इतरांना आवरणाऱ्या नियामक पेशी घडवतात. हा बंदोबस्त अभेद्य नव्हे. काहींच्या बाबतीत गव्हातील ग्लुटेनचे अभय मोडते व आतड्याचे उंचवटे झिजून सपाट होतात. हा विकार ओळखण्याची नेहमीची रक्तचाचणी याच 'ए' प्रतिपिंडावर बेतलेली आहे. ज्याच्या शरीरात ते जन्मतःच बनत नाही, त्याच्यात रोग असूनही ती नकारार्थी येऊ शकते.

या ज्ञानाची कसोटी पोलिओच्या बाबतीत लागली. ओग्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६८ साली दोन्ही लसींची तुलना केली. मृत विषाणूंची लस टोचलेल्या मुलांच्या रक्तात प्रतिपिंडे भरपूर होती, पण आतड्यात 'ए' जवळजवळ नव्हते; तोंडावाटे थेंब घेतलेल्यांत ते दोन्हीकडे होते. म्हणजे टोचलेले मूल पांगळे होणार नाही, परंतु विषाणू त्याच्या आतड्यात वाढून विष्ठेवाटे शेजारच्या घरी जाऊ शकेल. म्हणूनच भारताने थेंबांवर भर दिला. आपल्याकडे निसर्गतः उद्भवलेल्या पोलिओचा अखेरचा रोगी जानेवारी २०११ मध्ये हावड्याला आढळला.

थेंबांनी मिळालेले आतड्याचे संरक्षण मात्र काही काळाने ओसरते. त्यावर उत्तर प्रदेशातील मुरादाबाद येथे पूर्वी अनेकदा थेंब घेतलेल्या नऊशेहून अधिक मुलांची पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. काहींना लस टोचली, काहींना थेंब दिले, काहींना काहीच नाही. महिन्याभराने सर्वांना थेंब पाजून विष्ठेत विषाणू किती जणांच्या उतरतो हे तपासले. काहीच न दिलेल्यांच्या तुलनेत टोचलेल्या मुलांत हे प्रमाण वयोगट व विषाणूच्या प्रकारानुसार ३९ ते ७६ टक्क्यांनी घटले. जी सुई कोऱ्या आतड्याला काही शिकवू शकत नाही, तीच थेंबांनी एकदा शिकवलेल्या आतड्याला धडा आठवून देते, असे दिसले. २०१५ च्या अखेरीस भारताच्या लसीकरणात थेंबांच्या जोडीला ही टोचणीही आली.